घरमालकाचा भाडेवाढीचा मेसेज आलाय, नीट उत्तर कसं लिहू? (स्क्रीनशॉट जोडला आहे)

ओली_वाळू | 25 एप्रिल, सकाळी 10:40

रत्नागिरीत नाचण्याला भाड्याने राहतो. जुनं चिऱ्याचं घर आहे. वर मालकीणबाई एकट्या असतात, खाली आम्ही तिघं. मालकीणबाईंना आम्ही काकू म्हणतो. त्यांचा मुलगा ठाण्याला असतो. काल रात्री त्याने माझ्या नवऱ्याला हा मेसेज पाठवला. स्क्रीनशॉट जोडते आहे, दिसत नसेल तर मजकूर असा:

"नमस्कार. 1 मे पासून भाडे 13,000 राहील. सध्याचे रेट बघता 9,000 परवडत नाही. टँकर, घरपट्टी सगळेच वाढले आहे. जमत नसेल तर तसे कळवा, दुसरी पार्टी तयार आहे."

आधी कधी विषयही काढला नव्हता. एकदम चार हजार, तेही सहा दिवस आधी. मी रागात एक उत्तर लिहून ठेवलंय, अजून पाठवलेलं नाही: "दादा, ही वाढ पूर्णपणे बेकायदेशीर आहे. आम्हाला 13,000 परवडत नाहीत. कृपया नम्र विनंती की आपण पुनर्विचार करावा, अन्यथा आम्हाला कायदेशीर मार्ग घ्यावा लागेल."

नवरा म्हणतो हे फार उद्धट आहे. मला तर ते फार मिळमिळीत वाटतं. काकूंशी संबंध चांगले आहेत, त्या माझ्या मुलीला रोज संध्याकाळी शुभं करोति म्हणायला वर बोलावतात. म्हणून भांडण नको आहे, पण चार हजारही नको आहेत. कसं लिहू?

शेवंती | 25 एप्रिल, सकाळी 10:52

उद्धट आणि मिळमिळीत दोन्ही एकाच मेसेजात जमवलंत, कौतुक आहे. "कृपया नम्र विनंती" आणि "कायदेशीर मार्ग" एका दमात म्हणजे पाया पडता पडता चिमटा काढल्यासारखं.

व्यवस्थापक | 25 एप्रिल, सकाळी 11:05

स्क्रीनशॉटमध्ये वर मालकांच्या मुलाचं नाव आणि नंबर दिसत होता. तेवढा भाग झाकून चित्र पुन्हा चढवलं आहे. कृपया सर्वांनीच हे पाळावं.

काजूगर | 25 एप्रिल, सकाळी 11:20

घाबरू नका. महाराष्ट्रात भाडं वर्षाला 4 टक्क्यांच्या वर वाढवताच येत नाही, कायदाच आहे 1999 चा. शिवाय केंद्राचा 2021 चा नवा भाडे कायदा आहे, त्यात तीन महिने आधी लेखी सूचना लागते. 9,000 चे चार टक्के 360. जास्तीत जास्त 9,360 द्या आणि कायद्याचं कलम तोंडावर फेका.

आगबोट | 25 एप्रिल, सकाळी 11:31

44 टक्के वाढ एकदम करू नका, भाडेकरू टिकत नाहीत. माझ्या गुहागरच्या घराचं मी दरवर्षी पाचशेने वाढवतो, कोणी कुरकुर करत नाही. तुम्हीही तसं करून बघा. भाडेकरूला आधी तोंडी कल्पना द्यावी.

ओली_वाळू | 25 एप्रिल, सकाळी 11:34

@आगबोट, मी भाडेकरू आहे हो.

पडवी | 25 एप्रिल, दुपारी 12:15

मी भाडेकरार ऑनलाइन नोंदवून देण्याचं काम करते. अंगठा आणि फोटो घ्यायचं यंत्र घेऊन घरोघरी जाते, त्यामुळे असले मेसेज महिन्याला दोन-तीन तरी बघते.

काजूगरांचं अर्धं बरोबर आहे. 4 टक्के हा आकडा खरा आहे, 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातलाच आहे. पण तो जुन्या, कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूंसाठी. आज आपण जे अकरा महिन्यांचं करतो ते भाडं नव्हेच, ते लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी. त्यात आकडा किती हे दोघांनी ठरवायचं, त्याला चार टक्क्यांची दोरी नाही. आणि 2021 ची गोष्ट केंद्राने राज्यांना दिलेला नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो इथे चालत नाही. त्यामुळे हे दोन्ही मुद्दे उत्तरात घालू नका. मालकाच्या मुलाने एखाद्या वकिलाला फोन केला तर तुमचं पहिलंच वाक्य खोटं ठरेल, आणि मग पुढचं खरं असलेलंही कोणी ऐकणार नाही.

तुमचा जोर कायद्याच्या कलमात नसून तुमच्याच करारात आहे. म्हणून चार गोष्टी सांगा. करार नोंदवलेला आहे का? कधीपासून कधीपर्यंत? मालक म्हणून सही कोणाची? आणि मुदतीआधी घर सोडण्या-सोडवण्याबद्दल काय लिहिलंय?

दर्यावर्दी | 25 एप्रिल, दुपारी 12:40

मोबायलार कित्याक भांडतास? म्हातारी वरच ऱ्हवता मां? संध्याकाळी वर जावा, च्याय घेवा नि बोला. झीलाक ठाण्यात बसान काय म्हायत.

ओली_वाळू | 25 एप्रिल, दुपारी 1:30

कपाटातून करार काढला. नोंदवलेला आहे, नोंदणीचा उतारा म्हणजे सूची क्रमांक दोनही आहे. 1 सप्टेंबर ते 31 जुलै, अकरा महिने. दरमहा 9,000, अनामत 30,000. भाडं दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत. मालक म्हणून सही फक्त काकूंची, मुलाचं नाव साक्षीदारात आहे. अट 9: "मुदतीपूर्वी करार संपवायचा झाल्यास कोणत्याही पक्षाने दुसऱ्यास एक महिन्याची लेखी सूचना द्यावी." भाडेवाढीबद्दल एक अक्षर नाही.

@दर्यावर्दी, काकू या बाबतीत म्हणतात "तो बघतो सगळं". पण तुमचं डोक्यात आहे.

पडवी | 25 एप्रिल, दुपारी 2:10

मग चित्र स्पष्ट आहे. 31 जुलैपर्यंत 9,000 ठरलेले आहेत. मे, जून, जुलै, तीन महिने. म्हणजे आत्ता वाद आहे तो बारा हजारांचा. नोंदवलेल्या करारातली रक्कम एका पक्षाने मेसेज टाकून बदलत नाही. दोघांना बदलायची असेल तर दुरुस्तीचा दस्त करतात किंवा नवा करार.

पण अट 9 विसरू नका. तुमच्यात लॉक-इन नाही, म्हणजे ठरावीक काळ कोणीच करार मोडायचा नाही अशी अट नाही. काकूंनी उद्या एक महिन्याची लेखी सूचना दिली, तर मेच्या शेवटी बोचकी बांधायची वेळ येऊ शकते. म्हणजे तुम्ही 9,000 वर बरोबर असूनही घर जाऊ शकतं. म्हणून तर उत्तर सभ्य हवं. नुसता संबंधांचा प्रश्न नाही.

आणि आणखी एक, उलट्या बाजूचं. मुदत संपल्यावर, म्हणजे 1 ऑगस्टला, नवा करार न करता "आम्ही नाही हलत" म्हणून बसून राहिलात तर 1999 च्या त्याच कायद्यात दुप्पट भाड्याने नुकसानभरपाई आहे, आणि घर खाली करून घ्यायला मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे थेट जाता येतं. तिथे तुमचं काही चालत नाही. तीन महिने तुमचे, त्यापुढचं बोलून मिळवायचं.

चिरेबंदी | 25 एप्रिल, दुपारी 3:05

मालकाची बाजूही कोणीतरी मांडायला हवी, मीच मांडतो. माझं देवगडकडे असंच जुनं घर भाड्याने आहे. दर मेमध्ये कौलं उतरवून फुटकी बदलावी लागतात, वासे बघावे लागतात, नाहीतर जूनमध्ये भाडेकरूच बादल्या लावून फोटो पाठवतो. कौलं शाकारणारा माणूस आता मिळत नाही, मिळाला तर तो सांगेल तो दर. विहीर एप्रिलच्या मध्यात तळ दाखवते, मग टँकर. लोकांना वाटतं मालक घरबसल्या कमावतो.

तरीही मुलाने केलं ते चूकच. मुदतीच्या मध्ये वाढ मागायची नसते. मी जूनमध्ये बोलतो, ऑगस्टपासून करतो. आणि "दुसरी पार्टी तयार आहे" हे वाक्य मी स्वतः दोनदा वापरलंय. दोन्ही वेळा पार्टी नव्हती.

शेवंती | 25 एप्रिल, दुपारी 3:12

😀 कबुलीजबाब नोंदवून ठेवा कोणीतरी.

बाकी, स्क्रीनशॉट मोठा करून बघितला. मुलाच्या गोल फोटोच्या कोपऱ्यात ते छोटं घड्याळासारखं चिन्ह दिसतंय का कोणाला? म्हणजे त्या संभाषणात मेसेज आपोआप गायब व्हायची सोय चालू आहे. आणि स्क्रीनशॉटमध्ये मेसेजखाली वेळ आहे, तारीख वर कापली गेलीय. थोड्या दिवसांनी मूळ मेसेज जाईल आणि हातात तारीख नसलेलं चित्र राहील.

ओली_वाळू | 25 एप्रिल, दुपारी 3:40

बाप रे, खरंच की! नवऱ्याचा फोन बघितला. सात दिवसांची मुदत लावलेली आहे, त्या मुलानेच कधीतरी लावलीय. मेसेज दाबून धरला तर तो ठेवून द्यायचा पर्याय येतोय.

शेवंती | 25 एप्रिल, दुपारी 3:46

तो वापरा, पण त्यावर विसंबू नका. पाठवणाऱ्याला कळतं आणि तो ते रद्द करू शकतो. आजच पूर्ण संभाषण निर्यात करून स्वतःच्या मेलवर पाठवा आणि तारखेसकट नवा स्क्रीनशॉट घ्या. उत्तरातही "24 एप्रिलचा मेसेज" असं लिहा, म्हणजे तारीख तुमच्या बाजूने तरी राहील.

ओली_वाळू | 25 एप्रिल, संध्याकाळी 4:20

नवा स्क्रीनशॉट घ्यायला खाली सरकवलं तर काय दिसावं. नवऱ्याने काल रात्रीच त्या मेसेजला अंगठा टाकलाय! मला सांगितलंच नव्हतं. विचारलं तर म्हणे "अगं, वाचलं म्हणून टाकला". आता?

काजूगर | 25 एप्रिल, संध्याकाळी 4:31

झालं. अंगठा म्हणजे मान्य. आपल्याकडे अंगठा लावला की सावकार जमीन नेत असे.

ओहोटी | 25 एप्रिल, संध्याकाळी 4:50

काजूगर विनोद करतायत, पण कॅनडात खरंच झालंय. एका धान्य खरेदीदाराने जवसाच्या खरेदीचा करार फोटो काढून शेतकऱ्याला पाठवला, शेतकऱ्याने नुसता अंगठा टाकला. माल दिला नाही. शेतकरी म्हणाला मी फक्त मिळाल्याचं कळवलं. 2023 मध्ये तिथल्या सस्कॅचेवान प्रांतातल्या न्यायालयाने तो अंगठा सही म्हणून धरला आणि सुमारे 82,000 कॅनेडियन डॉलर भरपाई लावली. नवऱ्याला आज जेवायला जवसाची चटणी वाढा.

पडवी | 25 एप्रिल, संध्याकाळी 5:25

ती बातमी मीही वाचली होती. पण त्यात एक खोच होती: तो शेतकरी आधीच्या सौद्यांनाही असंच "ठीक", "हो" एवढंच उत्तर देई आणि माल जात असे. म्हणून अंगठा होकार धरला गेला. इथे तसा पूर्वेतिहास नाही, शिवाय इथे आधीच एक नोंदवलेला करार उभा आहे. नोंदवलेल्या दस्तातल्या अटी नंतरच्या तोंडी बोलण्याने बदलल्या असं सांगता येत नाही, हे पुराव्याच्या कायद्यात जुनंच आहे. मोबाइलवरचा अंगठा तोंडी की लेखी यावर वकील मंडळी भांडू देत. माझ्या मते तुमचा अंगठा फार घातक नाही.

घातक काय होईल ते सांगते. अंगठा, मग गप्प बसणं, आणि मग 5 मेला 13,000 भरणं. हे तिन्ही एकापाठोपाठ झाले की वाढ मान्य केल्याचं चित्र तयार होतं, मग जूनमध्ये तोंड उघडायला जागा राहत नाही. म्हणून उत्तर आज-उद्याच जाऊ दे, आणि त्यात अंगठ्याचा उल्लेख तुम्हीच करा, एका ओळीत, सफाई न देता.

काजूगर | 25 एप्रिल, संध्याकाळी 5:40

4 टक्क्यांबद्दल शब्द मागे घेतो. पण मग करार नोंदवलेला नसता तर? माझ्या मेव्हण्याचा साध्या शंभराच्या स्टँपवर आहे, चिपळूणला.

पडवी | 25 एप्रिल, संध्याकाळी 5:58

गंमत म्हणजे तेव्हा मालकच जास्त अडचणीत. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदवला नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मेव्हण्याला हे सांगून भांडायला पाठवू नका, नोंदवून घ्यायला सांगा.

आगबोट | 25 एप्रिल, संध्याकाळी 6:15

माफ करा, मघाशी घाईत वाचलं. तुम्ही मालक नसून मालकीणबाई वर राहतात. मग त्यांना सांगा की वाढ टप्प्याटप्प्याने करा.

शेवंती | 25 एप्रिल, संध्याकाळी 6:17

आगबोट हळूहळू धक्क्याला लागतेय.

ओली_वाळू | 25 एप्रिल, रात्री 9:10

सगळ्यांचं वाचून हे लिहिलंय. कसं वाटतं सांगा:

"नमस्कार दादा. तुमचा 24 एप्रिलचा मेसेज मिळाला. काल अंगठा पाठवला होता तो मेसेज वाचल्याची पोच म्हणून. आपल्या करारानुसार 31 जुलैपर्यंत भाडं 9,000 ठरलं आहे, तरी कृपया तोपर्यंत तेच ठेवावं ही विनंती. पाणीटंचाईमुळे तुमचा खर्च वाढलाय याची आम्हाला जाणीव आहे. आम्हालाही एकदम चार हजार वाढवणं कठीण आहे, मुलीची शाळेची फी जूनमध्ये भरायची आहे. ऑगस्टपासूनचं काय ते समजुतीने ठरवू."

पडवी | 25 एप्रिल, रात्री 9:45

खूपच सुधारलं. तीन ठिकाणी हात लावते.

"तेच ठेवावं ही विनंती" काढा. जे आधीच ठरलेलं आहे त्याची विनंती केली की ते त्याच्या मर्जीवर जातं. विनंतीला "नाही" म्हणता येतं. "5 तारखेच्या आत 9,000 जमा करू" हे नुसतं कळवणं आहे, त्याला "नाही" म्हणायला जागा नाही, आणि ऐकायला उद्धटही नाही.

शाळेची फी काढा. तुमचं परवडणं मध्ये आणलं की चर्चा तुमच्या पगारावर जाते. मग तो म्हणेल, बरं, बारा द्या. मुद्दा परवडण्याचा नाही, मुदतीचा आहे.

आणि "जाणीव आहे" याने कोणाचं पोट भरत नाही. त्याने मेसेजात टँकरचं नाव घेतलंय. टँकरबद्दल काहीतरी ठोस बोला. करारात पाण्याचं काय लिहिलंय?

ओली_वाळू | 25 एप्रिल, रात्री 9:58

"वीजबिल भाडेकरूने भरावे" एवढंच. पाण्याचं काहीच नाही. विहिरीवरच्या पंपाचं पाणी येतं. या महिन्यात चार टँकर आले, सगळे काकूंनी दिले. खरं सांगायचं तर त्यातलं निम्मं पाणी आम्हीच वापरतो. आम्ही तीन माणसं, त्या एकट्या.

चिरेबंदी | 25 एप्रिल, रात्री 10:12

हे बघा, इथेच आहे सगळं. मुलगा ठाण्यात बसून टँकरचे पैसे आईच्या खात्यावर पाठवतोय आणि भाडेकरू आंघोळी करतोय. माझं असंच डोकं फिरायचं. टँकरचा वाटा द्या, अर्धा राग तिथेच उतरेल.

काजूगर | 25 एप्रिल, रात्री 10:20

पण एकदा वाटा दिला की तो कायमचा गळ्यात पडेल ना? करारात नाही ते का द्यायचं?

पडवी | 25 एप्रिल, रात्री 10:34

शंका रास्त आहे. म्हणून "या वर्षीच्या टंचाईपुरता, भाड्यापेक्षा वेगळा" असं लिहायचं, आणि पैसेही वेगळे पाठवायचे. 9,000 एकदा, शेरा "मे भाडे". टँकरचे दुसऱ्यांदा, शेरा "टँकर वाटा". एकत्र 10,500 पाठवलेत तर चार महिन्यांनी ते भाडंच दिसेल.

माझ्याकडून मसुदा. तुमच्या बोलण्यासारखा करून घ्या:

"नमस्कार दादा. तुमचा 24 एप्रिलचा भाड्याबद्दलचा मेसेज मिळाला. त्यावरचा अंगठा मेसेज वाचल्याची पोच होती, भाड्याबद्दल आमचं घरात बोलणं तेव्हा झालं नव्हतं. आपला करार 31 जुलैपर्यंत आहे आणि त्यात दरमहा 9,000 ठरले आहेत. त्याप्रमाणे मे, जून आणि जुलैचं भाडं नेहमीसारखं 5 तारखेच्या आत काकूंच्या खात्यावर जमा करू. टँकरचा खर्च वाढलाय हे आम्ही बघतोच आहोत. या वर्षीच्या टंचाईपुरता, पाऊस लागेपर्यंत, टँकरचा निम्मा खर्च आम्ही वेगळा देऊ. ऑगस्टनंतरही इथेच राहायची आमची इच्छा आहे. नव्या कराराचं भाडं काकू, तुम्ही आणि आम्ही बसून जूनमध्ये ठरवू. रविवारी संध्याकाळी काकूंना भेटून हेच सांगणार आहोत. तुम्हाला फोनवर कधी वेळ असेल ते कळवा."

हाच मजकूर काकूंनाही पाठवा. करार त्यांच्याशी आहे, मुलाशी नाही. उद्या "मला कोणी बोललंच नाही" असं व्हायला नको. "दुसरी पार्टी"ला उत्तर देऊ नका. त्या वाक्याला उत्तर नसतंच.

शेवंती | 25 एप्रिल, रात्री 10:41

लांब नाही का होत? मी तीन ओळींत संपवलं असतं.

पडवी | 25 एप्रिल, रात्री 10:50

होतंय थोडं. पण तीन ओळींत नुसता नकार मावतो, टँकर आणि ऑगस्ट मावत नाहीत. इथे नकाराइतकंच त्या दोघांचं काम आहे.

दर्यावर्दी | 25 एप्रिल, रात्री 11:02

आता तरी जावा गो वर.

ओली_वाळू | 26 एप्रिल, सकाळी 8:30

पाठवला. "आम्ही बघतोच आहोत" च्या जागी "दारातच दिसतंय" केलं, कारण टँकर खरंच दारातच लागतो आणि माझी तुळस दोनदा त्याच्या पाइपाखाली आलीय. मुलाचे दोन निळे टिक दिसतायत, उत्तर नाही. काकू मेसेज वाचत नाहीत, त्यांना उद्या संध्याकाळी भेटून वाचून दाखवणार.

ओहोटी | 26 एप्रिल, सकाळी 9:05

अवांतर: हे मेमध्येच का सुचतं सगळ्यांना? आमच्या मुरुडला समुद्राजवळची घरं मेमध्ये दिवसाच्या भाड्याने जातात. चार दिवसांत महिन्याचं भाडं निघतं. मग अकरा महिने राहणारा माणूस मालकाला डोळ्यांत खुपायला लागतो. जून लागला की तोच मालक "राहा हो, घर बंद ठेवलं तर वाळवी लागते" म्हणून मागे येतो.

चिरेबंदी | 26 एप्रिल, सकाळी 9:30

वाळवीचं खरं आहे. कोकणात बंद घर पावसात दोन वर्षंही काढत नाही. भाडेकरूने यावर जोर द्यायला हरकत नाही, पण तोंडावर बोलू नये, मालकाला ते माहीत असतं.

ओली_वाळू | 28 एप्रिल, सकाळी 7:50

काल वर गेलो होतो. दर्यावर्दी, तुम्हाला साष्टांग नमस्कार.

काकूंना मेसेजबद्दल काहीच माहीत नव्हतं. मी वाचून दाखवला तर म्हणाल्या, "तेरा? कोणी सांगितलं तेरा?" मग हळूहळू बाहेर आलं. मुलाला पुढच्या गणपतीत सगळ्या भावंडांना घेऊन यायचंय, खाली जागा लागेल. आणि नळदुरुस्ती, टँकर मिळून या महिन्यात त्याच्याकडून बरेच पैसे गेले. 13,000 हा आकडा त्याच्या मित्राने सांगितला, महामार्गाच्या कामावरची माणसं तेवढे देतात म्हणून. काकू म्हणाल्या, "ती माणसं काम संपलं की जातील, मग मी एकटी काय करू?"

टँकरचं ऐकून मात्र त्या लगेच उठल्या आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर चार तारखांना केलेल्या गोल खुणा दाखवल्या. प्रत्येक टँकरची रक्कम पेन्सिलीने लिहिलेली. म्हणजे मनात होतं त्यांच्या, फक्त बोलल्या नव्हत्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं.

शेवंती | 28 एप्रिल, सकाळी 8:02

त्या चार खुणांना काय म्हणायचं ते पडवीताईंच्या मसुद्यात बसलं नसतं.

पडवी | 28 एप्रिल, सकाळी 8:40

खरंय. पण गणपतीचा मुद्दा आत्ताच पकडून ठेवा. नवा करार 1 ऑगस्टपासून झाला की गणपती त्यातच येतात. त्या दिवसांत पुढची खोली त्यांना द्यायची तयारी असेल तर ती करारात एक अट म्हणून घालता येते, तारखांसकट, आणि त्या बदल्यात भाडं थोडं धरून ठेवता येतं. शिवाय अकराऐवजी 33 महिन्यांचा करा. पाच वर्षांपर्यंत लायसन्स करता येतं. दर अकरा महिन्यांनी किती वाढ ते आत्ताच लिहा, म्हणजे पुढचा मेसेज यायची वेळच येणार नाही. मुद्रांक पाव टक्का आहे, तेवढ्यासाठी कोणी छोटा करार करू नये. आणि या वेळी लॉक-इन घाला.

चिरेबंदी | 28 एप्रिल, सकाळी 9:15

33 महिन्यांना मी मालक म्हणून तयार होणार नाही. माणूस कसा निघेल सांगता येत नाही.

पडवी | 28 एप्रिल, सकाळी 9:22

नोटीसची अट दोन्ही बाजूंना असतेच. पण ठीक आहे, तुमच्या घरी येणार नाही मी यंत्र घेऊन.

ओली_वाळू | 6 मे, रात्री 9:20

पाठपुरावा. 3 तारखेला 9,000 "मे भाडे" म्हणून काकूंच्या खात्यावर टाकले. एप्रिलच्या टँकरांचा निम्मा वाटा वेगळा टाकला. ठाण्याहून शेवटी उत्तर आलं, दोनच शब्द: "आईशी बोलतो." त्यानंतर शांतता. भाडं परत आलेलं नाही, एक महिन्याची सूचनाही आलेली नाही. काकूंना विचारलं तर म्हणतात, "बोलला हो तो. तू फणस घेऊन जा आधी."

ऑगस्टचा आकडा अजून कोणीच उच्चारलेला नाही. आमच्या मनात 10,000 आहेत, त्याच्या मनात काय ते माहीत नाही. गणपतीच्या खोलीचं बोलणं जूनमध्ये काढणार.

दर्यावर्दी | 6 मे, रात्री 9:31

कापो की बरको?

ओली_वाळू | 6 मे, रात्री 9:33

कापा. निम्मा उद्या वर जाणार, टँकरसारखाच.

आगबोट | 6 मे, रात्री 10:05

छान झालं. मग शेवटी भाडं किती वाढवलंत?